१५ व्होल्ट आणि अर्धा मिलिमीटर: अमळनेरच्या एका स्विचचं प्रकरण

निन्टेन्डो स्विच म्हणजे हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल. अमळनेरहून दुरुस्तीला आलेल्या या स्विचचं टीव्हीवर खेळता खेळता चित्र गेलं होतं आणि तेव्हापासून तो चार्ज होत नव्हता. पिशवीत आणखी तीन वस्तू होत्या: कन्सोल टीव्हीला जोडण्यासाठी ऑनलाइन मागवलेला, तळहातावर मावेल एवढा डॉक, मोबाइलसाठी घेतलेला ६५ वॉटचा चार्जर आणि एचडीएमआय केबल. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाचं ठाम मत होतं की चार्जर नको तेवढा ताकदीचा होता, त्यामुळे कन्सोल जळला. शेतकरी वडिलांचा संशय लाइटवर होता, कारण त्यांच्या भागात दाब कधी चढतो, कधी पडतो. डॉक विकणाऱ्यानं फोनवर सगळं खापर खानदेशच्या उन्हाळ्यावर फोडलं होतं. यातलं एकही कारण खरं निघालं नाही. पण प्रत्येक का खरं नाही, हे तपासल्याशिवाय खरं कारण हाती लागत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी पार्श्वभूमी. कन्सोल पुण्याहून सेकंडहँड घेतलेला, २०१९ मध्ये आलेलं जास्त बॅटरीचं मॉडेल. मूळ डॉक आणि मूळ अ‍ॅडॉप्टर विकणाऱ्याकडेच राहिले होते. बाहेरून आलेल्या किंवा हातोहात फिरलेल्या कन्सोलचं हे नेहमीचं असतं; यंत्र मिळतं, सोबतचं सामान मिळत नाही. मग मुलानं स्वस्तातला डॉक मागवला. काही महिने सगळं सुरळीत चाललं. एका रात्री खेळ चालू असताना टीव्हीला जागा करायची म्हणून डॉक कन्सोलसकट जरा बाजूला सरकवला. त्या क्षणी टीव्हीवरचं चित्र गेलं. त्यानं कन्सोल काढून पुन्हा बसवला, चित्र आलं नाही. हातात घेऊन खेळून पाहिलं तर कन्सोल व्यवस्थित चालत होता. बॅटरी संपेपर्यंत चालला, मग बंद झाला तो कायमचा.

या हकिकतीतला शेवटचा भाग फार मोलाचा आहे. चित्र गेल्यावरही कन्सोल बॅटरीवर चालला, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, स्क्रीन सगळं शाबूत होतं. बिघाड होता तो खालच्या यूएसबी-सी पोर्टपासून आत जाणाऱ्या वाटेवर. दुरुस्तीला कन्सोल घेताना मी हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतो: बिघडल्यानंतर तो बॅटरीवर चालला का?

स्विच डॉकमध्ये बसवल्यावर नेमकं काय होतं, ते थोडं पाहू. डॉक स्वतः खेळ चालवत नाही. कन्सोलच्या यूएसबी-सी पोर्टमधून डिस्प्लेपोर्ट प्रकारचा चित्रसंकेत बाहेर येतो आणि डॉकमधलं छोटं सर्किट तो एचडीएमआयमध्ये बदलून टीव्हीला देतं. त्याच पोर्टमधून वीज आत जाते. (स्विच लाइट या मॉडेलला टीव्हीवर चित्र देण्याची सोयच नाही. कुठलाही डॉक घेतला तरी ते जमणार नाही, तेव्हा लाइटवाल्यांनी डॉकवर पैसे घालवू नयेत.) मूळ अ‍ॅडॉप्टर दोन प्रकारे वीज देतो: ५ व्होल्टला १.५ अँपिअर किंवा १५ व्होल्टला २.६ अँपिअर, म्हणजे ३९ वॉट. टीव्हीवर खेळताना मूळ डॉकला हे १५ व्होल्ट लागतातच. तेवढी क्षमता नसलेला चार्जर लावला तर मूळ डॉक चित्र देत नाही, पण त्यानं कन्सोलला इजाही होत नाही.

१५ व्होल्ट एकदम येत नाहीत, आणि सगळं प्रकरण याच गोष्टीवर फिरतं. यूएसबी-सीच्या नियमानुसार पलीकडे कुणी जोडलेलं नसेल तर पिनेवर वीज शून्य हवी. कन्सोल जोडला गेला की सीसी नावाच्या एका बारीक पिनेवरून चार्जरला त्याची चाहूल लागते आणि तो फक्त ५ व्होल्ट सोडतो. मग त्याच पिनेवरून दोघांची बोलणी होतात: माझ्याकडे ५, ९, १५ व्होल्ट आहेत, तुला काय हवं? कन्सोल १५ मागतो, चार्जर होकार देतो आणि मगच दाब वाढतो. कन्सोलच्या बाजूनं ही बोलणी करणारी एक चिप आहे, तिच्यावर एम९२टी३६ असं छापलेलं असतं. तिच्या सीसी पिना फक्त बोलण्यासाठी आहेत. त्या ६ व्होल्टपर्यंतच सहन करतात.

आता मुलाच्या संशयाकडे येऊ. ६५ वॉट हा आकडा चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगतो, किती ढकलतो ते नाही. विहिरीत पाणी कितीही असो, केळीच्या बुडाशी लावलेला ड्रिपर त्याच्या मापाचंच पाणी सोडतो, तसं इथे करंट किती घ्यायचा ते कन्सोल ठरवतो. तरीही नुसत्या तत्त्वावर विसंबायचं नसतं, चार्जर मोजावाच लागतो. माझ्याकडे यूएसबी-सीचं एक मोकळं सॉकेट आहे, त्याच्या पिनांना वायरी जोडलेल्या आहेत. चार्जरची केबल त्यात घातली आणि मल्टिमीटर लावला: शून्य व्होल्ट. मग बोलणी करणारा टेस्टर जोडला: आधी ५, मागितल्यावर ९, मागितल्यावर १५. न मागता काहीच नाही. बराच वेळ लोड देऊनही दाब ढळला नाही. चार्जर निर्दोष होता. त्यावर बीआयएस नोंदणीचा आर पासून सुरू होणारा क्रमांकही होता. या क्रमांकानं सगळंच सिद्ध होत नाही, पण बिननावाच्या चार्जरवर तोही नसतो.

चार्जर शाबूत असल्यामुळे वडिलांचा संशयही मिटला. असे चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब झेलतात. त्याही वर जाऊन लाइटनं झटका दिला असता तर आधी चार्जर गेला असता. भिंतीतून आलेला झटका चार्जर शाबूत ठेवून पलीकडच्या एकाच बारीक चिपवर नेम धरील, हे जवळपास अशक्य.

उन्हाळ्याचं म्हणणं मात्र अगदीच पोकळ नाही. निन्टेन्डोनं कन्सोल वापरायला ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगितलं आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. पण तापलेला स्विच वेगळा वागतो. पंखा जोरात फिरतो, पडद्यावर सूचना येते आणि कन्सोल झोपी जातो. गार झाला की पुन्हा उठतो. डॉक सरकवला त्याच क्षणी चित्र जाणं आणि चार्जिंग कायमचं बंद पडणं ही उष्णतेची खूण नव्हे. उन्हानं बॅटरीचं आयुष्य घटतं हे खरं, पण इथे ते कारण नव्हतं.

राहिला डॉक. तोच चार्जर डॉकला जोडला, डॉकचा वर आलेला प्लग माझ्या मोकळ्या सॉकेटमध्ये घातला आणि मल्टिमीटर लावला. पलीकडे कन्सोल नाही, टेस्टर नाही, काहीच नाही. शून्य यायला हवं होतं. आले १४.९ व्होल्ट.

म्हणजे हा डॉक चार्जरशी स्वतःच बोलणी करून १५ व्होल्ट मागून घेत होता आणि कन्सोल आहे की नाही, त्यानं काय मागितलं, याची पर्वा न करता तो दाब सरळ प्लगवर ठेवत होता. कन्सोल बसवताना दर वेळी तो १५ व्होल्टच्या उघड्या पिनांवर बसत होता. बोलणी करून पायरीपायरीनं चढायचा नियम या डॉकमध्ये नव्हताच. असं सर्किट बनवायला स्वस्त पडतं, आणि कन्सोल नीट सरळ बसला तर तो चालतोही. म्हणून काही महिने कुणाच्या लक्षात आलं नाही.

पण यूएसबी-सीच्या प्लगमध्ये पिना अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानं बसवलेल्या असतात, आणि वीज आणणाऱ्या पिनेच्या लगेच शेजारी सीसीची पीन असते. या डॉकचा प्लग बोटानं हलवला तर डुलत होता. आतल्या प्लास्टिकमध्ये तो घट्ट धरलेला नव्हता. कन्सोलचं सगळं वजन त्या डुलणाऱ्या प्लगवर. त्या रात्री डॉक सरकवला तेव्हा प्लग तिरपा झाला आणि १५ व्होल्ट शेजारच्या पिनेला टेकले. ६ व्होल्टच्या मर्यादेच्या पिनेवर १५ व्होल्ट गेले, आणि त्याला एक क्षणही पुरेसा असतो. कन्सोलचं पोर्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा याच दोन पिनांच्या मध्ये काळपट डाग होता. इतक्या स्पष्ट खुणा दर वेळी सापडत नाहीत.

हा प्रकार नवा नाही. मार्च २०१८ मध्ये स्विचची ५.०.० ही सिस्टिम आवृत्ती आली आणि त्यानंतर बाहेरच्या कंपनीच्या एका छोट्या डॉकवर लावलेले कन्सोल मरायला लागल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. तेव्हा अनेकांनी अपडेटला दोष दिला. हौशी तंत्रज्ञांनी मोजमाप केलं तेव्हा बोट याच सीसी पिनेकडे आणि याच चिपकडे गेलं. तो डॉक तिथे ९ व्होल्टच्या आसपास दाब नेत होता. आकडा वेगळा आणि दोषही थोडा वेगळा, पण मरणारी चिप तीच. निन्टेन्डोनं तेव्हा सांगितलं की परवाना नसलेल्या उपकरणांची आमच्याकडे चाचणी होत नाही. कंपनीकडून दुसरं उत्तर अपेक्षित नव्हतं. पण त्यातून 'बाहेरचं सगळंच वाईट' असा जो अर्थ लोकांनी काढला तो चुकीचा आहे. याच प्रकरणात बाहेरचा चार्जर निर्दोष होता आणि बाहेरचा डॉक दोषी.

कन्सोल उघडण्याआधी मी मीटर मधे घालून एका खात्रीच्या ४५ वॉट चार्जरवर लावून पाहिला. चांगला स्विच आधी ५ व्होल्टवर थोडा करंट घेतो आणि जागा झाला की मीटर १५ व्होल्टवर उडी मारतं. इथे प्लग एका बाजूनं घातला तर मीटरवर काहीच येईना. उलटा करून घातला तर ५ व्होल्ट आले, पण करंट जवळपास शून्य, आणि १५ कधीच नाही. हा उलटसुलट फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. यूएसबी-सी पोर्टमध्ये सीसीच्या दोन पिना असतात आणि प्लग ज्या बाजूनं घालाल त्याप्रमाणे त्यातली एक वापरली जाते. दोन्ही बाजूंना वेगवेगळं वागणं दिसलं की संशय पोर्टवर किंवा बोलणी करणाऱ्या चिपवर घ्यावा, बॅटरीवर नव्हे. ही परीक्षा घरीही करता येते: ओळखीच्या चांगल्या चार्जरवर प्लग दोन्ही बाजूंनी घालून पाहा.

वडिलांना हे समजावत होतो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आते काय करानं, भाऊ?" मुलाचा प्रश्न वेगळा होता. त्याला दुरुस्तीच्या खर्चापेक्षा अनेक महिन्यांचा खेळ पुसला जाईल याची धास्ती होती. स्विचमध्ये खेळ मेमरी कार्डवर ठेवता येतात, पण खेळाडूची प्रगती कार्डवर जात नाही, ती कन्सोलच्या आतल्या मेमरीतच राहते. निन्टेन्डोची पैसे भरून घ्यायची ऑनलाइन सेवा असेल तर बऱ्याच खेळांची प्रत सर्व्हरवर राहते. त्याच्याकडे ती नव्हती. म्हणून इथे मदरबोर्ड बदलणं हा उपायच नव्हता, कारण जुन्या बोर्डाबरोबर सगळी प्रगती गेली असती. आहे तोच बोर्ड दुरुस्त करायचा होता.

मागचं झाकण तीन पात्यांच्या स्क्रूंनी बसवलेलं असतं. ते काढल्यावर पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं, मगच मल्टिमीटर. एम९२टी३६च्या शेजारचा एक कपॅसिटर ग्राउंडशी शॉर्ट दाखवत होता. चिप गरम हवेनं उचलल्यावर शॉर्ट नाहीसा झाला, म्हणजे कपॅसिटर चांगला होता आणि दोष चिपच्या पोटात होता. या चिपला बाहेर पाय नसतात, सगळे सांधे पोटाखाली आणि कडेला. ती घरच्या सोल्डरिंग आयर्ननं बदलायचा प्रयत्न करू नये. बोर्डाचे पॅड उखडले की पुढची दुरुस्ती फार अवघड होते. डाग पडलेलं पोर्टही बदललं. त्यातल्या एका पिनेची धार वितळली होती, आणि अशा पोर्टवर नवी चिप बसवणं म्हणजे तिलाही त्याच धोक्यात टाकणं.

नवी चिप आणि नवं पोर्ट बसवल्यावर मीटरनं ५ वरून १५ व्होल्टवर उडी मारली, बॅटरी भरू लागली आणि कन्सोल चालू झाला. प्रगती जशीच्या तशी होती. पण माझ्याकडच्या मूळ डॉकमध्ये बसवल्यावर टीव्हीवर चित्र येईना. डॉकचा हिरवा दिवा लागत नव्हता. पोर्टच्या जवळच आणखी एक छोटी चिप असते. चित्रसंकेत कुठल्या पिनांवरून बाहेर सोडायचा ते ती ठरवते. झटका तिच्यापर्यंतही पोहोचला होता. ती बदलल्यावर दिवा लागला आणि चित्र आलं. चार्जिंग सुरू झालं म्हणून काम संपलं असं समजून कन्सोल परत द्यायचा नसतो, तो टीव्हीला लावून बराच वेळ चालवून पाहावा लागतो, तो याचसाठी.

मग पुढे टीव्हीवर कसं खेळायचं? मुलानं विचारलं, "दादा, आता कुठला डॉक घेऊ?" माझं उत्तर सरळ होतं: सेकंडहँड मिळाला तरी मूळ डॉकच घे. मूळ डॉकचा प्लग मुद्दाम थोडा हलता ठेवलेला असतो, पण कन्सोलचं वजन प्लास्टिकची खाच पेलते. डुलणं आणि हलतं असणं यातला फरक हा आहे. शिवाय जागेवर कन्सोल बसल्याशिवाय तो १५ व्होल्ट वर सोडत नाही. चार्जर मात्र नवा घ्यायची गरज नव्हती. त्याचा ६५ वॉटचा चार्जर १५ व्होल्टला ३ अँपिअर देतो, ते २.६ पेक्षा जास्तच आहे, आणि मूळ डॉकवर तो लावून पाहिला तेव्हा चित्र विनातक्रार आलं. बाजारात ३० वॉटचेही बरेच चार्जर मिळतात. ते १५ व्होल्टला २ अँपिअरच देतात, त्यामुळे हातात खेळताना चार्जिंगला चालतात, डॉकला पुरत नाहीत. तेव्हा चार्जरच्या अंगावरचा वॉटचा मोठा आकडा न बघता खालची बारीक ओळ वाचावी. तिथे १५ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलं आहे, ते बघायचं. मोबाइल कंपन्यांचे स्वतःच्या खास पद्धतीचे फास्ट चार्जर कागदावर ६५-८० वॉट सांगतात, पण त्यातल्या अनेकांच्या लेबलवर १५ व्होल्टची ओळच नसते. त्यांच्यावर स्विच ५ व्होल्टवर हळूहळू चार्ज होतो. तो जळत नाही, पण टीव्हीवर चित्र मिळत नाही आणि माणूस कन्सोल बिघडला समजून बसतो.

मूळ डॉक मिळेपर्यंत बाहेरचा वापरायचाच असेल तर कडक प्लगवर कन्सोल उभा राहतो तसला घेऊ नये. छोटी वायर बाहेर आलेला घ्यावा, म्हणजे वजन प्लगवर येत नाही आणि धक्का लागला तर वायर वाकते, पीन नाही. आणि विश्वास बसेपर्यंत क्रम उलटा ठेवावा: आधी कन्सोल डॉकला जोडायचा, मग चार्जरचं बटण चालू करायचं, काढताना आधी बटण बंद. यानं दोषी डॉक चांगला होत नाही. फक्त उघड्या पिनांवर १५ व्होल्ट असताना प्लग घासत आत जाणं टळतं. खेळ चालू असताना डॉक हलवला तर ही काळजीही निष्फळ ठरते.

मुलानं पुढे अमळनेरच्याच एका ओळखीच्याकडून मूळ डॉक घेतला आणि बसवण्याआधी माझ्याकडे तपासायला आणला. मोकळ्या सॉकेटवर शून्य आले, कन्सोल बसवल्यावर आधी ५, मग १५, आणि चित्र लागलं. जुना डॉक त्यानं विकणाऱ्याला परत पाठवला, सोबत मल्टिमीटरवरच्या १४.९ व्होल्टचा फोटो जोडून. पैसे परत मिळाले.